निवृत्तीचं घर भाड्याचंच बरं

नगरमध्ये पंचावन्नी ओलांडलेल्या भाडेकरूला नातेवाइकांकडून एकच सल्ला मिळतो: फंड हातात आला की आधी डोक्यावर छप्पर करा. सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण ज्याला सरकारी पेन्शन नाही त्याच्यासाठी तो घातक आहे असं माझं ठाम मत आहे. नागापूर एमआयडीसीत तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त होणाऱ्या माणसानं बहुतेक सारी पुंजी फ्लॅटमध्ये घालू नये. त्यानं भाड्यानं राहावं आणि पैसा सरकारी हमीच्या योजनांत ठेवावा.

आधी हिशेब पाहू. आकडे मी धरलेले आहेत, आपापले घालून पाहावेत. नवरा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, बायको चौपन्नची. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि साठवलेले मिळून ६० लाख. पीएफची पेन्शन महिना साडेपाच हजार. सावेडीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची किंमत ४० लाख धरू आणि भाडं १० हजार.

फ्लॅट घेतला तर महापालिका हद्दीत सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २ लाख ४० हजार, नोंदणीचे ३० हजार, शिवाय किचन ट्रॉली, जाळ्या, पंखे. खरेदी एकट्या बायकोच्या नावानं केली तर शुल्कात एक टक्का सूट मिळते. तरीही हातात साडेसोळा लाखांच्या आसपास उरतात. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर महिना सव्वाअकरा हजार. त्यात पेन्शन मिळवली आणि मेंटेनन्स, घरपट्टीचे दोन हजार वजा केले की दोघांच्या जेवणाला, औषधाला आणि पाहुण्यांना पंधरा हजारही उरत नाहीत.

आता तेच जोडपं भाड्यानं राहिलं असं समजा. नवऱ्याच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत कमाल मर्यादेचे ३० लाख, त्याचे महिन्याला २०,५०० पडतात. साठीच्या आत निवृत्त झालेल्यालाही हे खातं उघडता येतं, मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावं लागतं आणि त्यात त्या पैशापेक्षा जास्त रक्कम टाकता येत नाही. बायको साठीची झाली नसल्यानं तिच्या नावे ही योजना नाही. म्हणून पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या संयुक्त खात्यावर १५ लाख, ७.४ टक्क्यांनी ९,२५०. पेन्शन धरून ३५ हजारांच्या वर उत्पन्न. भाडं दिल्यावर २५ हजार उरतात, आणि उरलेल्या १५ लाखांना हातही लागलेला नाही.

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. पण फ्लॅटमध्ये अडकलेले ४० लाख दरमहा २७ हजारांचं व्याज मिळवू शकत होते. घरमालक झालेला माणूस ते २७ हजार दर महिन्याला सोडून देतो. कुणी पावती मागत नाही म्हणून ते दिसत नाहीत, एवढंच. दहा हजारांची बचत करायला सत्तावीस हजार सोडायचे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

यावर जाणकार विचारतात की भाडं वाढत जाईल आणि व्याज तिथंच राहील, मग काय? आक्षेप रास्त आहे, आणि जो भाडेकरू सगळं व्याज खाऊन टाकतो त्याच्या बाबतीत तो खराही ठरतो. भाडं वर्षाला सहा टक्के वाढलं तर बारा वर्षांत दुप्पट होतं. न शिवलेले १५ लाख याचसाठी आहेत. सात टक्क्यांनी वाढले तर दहा-अकरा वर्षांत ते तीस होतात आणि वाढलेलं भाडं सोसून किराणाच्या महागाईलाही हात देतात. व्याजदर उतरले तर हे गणित सैल होईल, हे मान्य. पण दर उतरले की साडेसोळा लाखांवर जगणाऱ्या घरमालकाचे हाल अधिक होतील.

नगरकर सर्वांत जोरानं मांडतात तो मुद्दा वेगळाच आहे. पैसा ठेवायचा तरी कुठे? नगर अर्बन बँक शंभरी पार केलेली होती. २०२१ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले, ठेवीदाराला दहा हजारांपलीकडे काढता येईना, आणि ४ ऑक्टोबर २०२३ ला परवानाच रद्द झाला. निवृत्तीची पुंजी तिथं ठेवलेल्यांचा संताप या शहरानं पाहिला आहे. "वीट तरी जागेवर राहते" हे उद्गार त्या जखमेतून आले आहेत आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. मात्र त्या घटनेतून निघणारा धडा वेगळा आहे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला तर हे संरक्षण मुळीच नाही, आणि आपल्या जिल्ह्यात एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून लोक तिथंच धावतात. तेव्हा त्या १५ लाखांचे वेगवेगळ्या बँकांत पाच लाखांच्या आतले तुकडे करावेत. ज्याला पतसंस्थेचा मोह आवरणार नाही त्यानं खुशाल फ्लॅट घ्यावा. त्याच्यापुरता माझा युक्तिवाद लागू नाही.

राहिली म्हातारपणी घर सोडावं लागण्याची भीती. माझ्या मते भाड्याच्या बाजूचं खरं दुखणं हेच आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नं मालक ताबा परत मिळवू शकतो, आणि सत्तरीत सामान हलवणं सोपं नसतं. पण अकरा महिन्यांचाच करार करावा असं कुठंही लिहिलेलं नाही. तीन वर्षांचा करार करावा, भाडेवाढीचा दर त्यातच ठरवावा, आणि मुदतीच्या आत मालकानं काढू नये असं कलम घालावं. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. घरमालकही पारखून घ्यावा. ज्यांची मुलं पुण्यात किंवा परदेशात स्थिरावली आहेत आणि फ्लॅट नुसता बंद पडला आहे, त्यांना घर राखणारं शांत जोडपं हवंच असतं.

शिवाय पंचावन्नाव्या वर्षी आपण सत्तरीत कुठं असू हे कुणाला ठाऊक असतं? मुलगा चाकणला, मुलगी हिंजवडीला आणि मोठ्या ऑपरेशनसाठी पुणं, हे नगरच्या कितीतरी घरांचं वास्तव आहे. भाडेकरू एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन मुलांजवळ जातो. फ्लॅटवाल्याला आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही अशा जुन्या फ्लॅटला बँक कर्ज द्यायला खळखळ करते, आणि मग रोख देणाऱ्याच्या भावाला तो द्यावा लागतो.

कर्ज काढून घर घेण्याबद्दल थोडक्यात. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना २० लाखांचं कर्ज त्याच मुदतीत साडेआठ टक्क्यांनी फेडायचं तर हप्ता ६३ हजारांचा येतो. मुदत वाढवली तर तो निवृत्तीनंतरच्या व्याजातून जाणार.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्या आणि जुनी पेन्शन असलेल्या शिक्षकाला हे लागू नाही. त्याची पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत जाते, त्यानं फंडातून घर घ्यायला हरकत नाही. पारनेर-पाथर्डीकडे ज्याचं वडिलोपार्जित घर नांदतं आहे आणि भावकीत वाद नाही, त्यानं आधी ते दुरुस्त करून घ्यावं. बाकीच्यांनी भाडेकरारावर नवऱ्याच्या जोडीनं बायकोचंही नाव घालावं. ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं दोघांच्या नावे संयुक्त उघडता येतं, तेही तसंच उघडावं, म्हणजे एकाच्या माघारी दुसऱ्याला घर आणि पैसा दोन्हींसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.