अटकपूर्व जामीन मिळाला, म्हणजे नेमकं काय झालं?

"अ‍ॅट्रॉसिटीतील आरोपीस अटकपूर्व जामीन." वर्तमानपत्रात अशी दोन ओळींची बातमी येते आणि तासाभरात तिचं कात्रण आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरतं. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कोणी लिहितं, "सुटला शेवटी." कोणी लिहितं, "केस खोटी ठरवली." गावात आरोपीचे लोक फटाके लावतात ते वेगळंच. गंमत अशी की फटाके लावणारे आणि हताश होणारे, दोघंही तीच बातमी सारखीच चुकीची वाचत असतात. कोणी सुटलेलं नसतं आणि केस खोटीही ठरलेली नसते. पण तरीही काहीतरी गंभीर घडलेलं असतं, आणि नेमकं तेच आपल्या नजरेतून निसटतं.

साधा जामीन हा अटकेनंतरचा. माणूस पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात आहे आणि न्यायालय त्याला अटी घालून बाहेर सोडतं. अटकपूर्व जामीन हा अटकेच्या भीतीपोटी मागायचा. माणूस अजून मोकळा आहे आणि न्यायालय पोलिसांना सांगतं की याला अटक केलीच, तर लगेच जामिनावर सोडा. म्हणून तो खालच्या मॅजिस्ट्रेटकडे मिळत नाही, सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयातच मागावा लागतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 438 खाली होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 मध्ये आहे. दोन्ही जामिनांत खटला तसाच राहतो, तपास तसाच चालतो, दोषारोपपत्रही दाखल होतं.

फरक कागदावर एवढासा दिसतो. माणसाच्या आयुष्यात तो केवढा असतो, हे आनंद तेलतुंबडे यांच्या प्रकरणात आपण पाहिलं आहे. 16 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि 14 एप्रिलला, ऐन जयंतीच्या दिवशी, ते शरण गेले. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना साधा जामीन दिला आणि संविधान दिनी ते बाहेर आले. दोन जामिनांमधलं अंतर म्हणजे तुरुंगातली अडीच वर्षांहून अधिक वर्षं. खटला मात्र पहिल्या नकाराने सिद्ध झाला नाही आणि दुसऱ्या होकाराने संपलाही नाही.

आता हाच फरक अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला लावून बघा. कलम 18 सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाची तरतूद लागू होणार नाही. साध्या जामिनाला ते हात लावत नाही. म्हणजे आरोपीला अटक झाली, महिन्याभराने विशेष न्यायालयाने जामीन दिला, तर "अ‍ॅट्रॉसिटीत जामीन मिळालाच कसा" हा आपला ओरडा कायद्याला धरून नाही. मनाई आहे ती अटक टाळण्याला.

ही मनाई का, हे ज्याने गावातली वस्ती पाहिली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. फिर्याद दिल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. याच दिवसांत साक्षीदारांच्या घरी निरोप जातात, शेतावरचं काम बंद होतं, किराणा मिळत नाही, आणि "मिटवून घ्या" म्हणणारे चार प्रतिष्ठित दारात येऊन बसतात. आरोपी त्या दिवसांत गावात आहे की कोठडीत, यावर साक्ष टिकणार की नाही हे ठरतं. कलम 18 ला समतेच्या हक्कावरून आव्हान दिलं गेलं, तेव्हा 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. मोकळे राहिलेले आरोपी पीडितांना धमकावतील आणि तपासात अडथळा आणतील, हे त्यामागचं एक कारण होतं.

मग बातमीतल्या आरोपीला तो मिळतो कसा? वाट एकच आहे. फिर्याद वरवर वाचूनच अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दिसत नसेल, तर कलम 18 लागू होत नाही, असं न्यायालयं मानतात. 20 मार्च 2018 च्या निकालाने ही वाट फार रुंद केली होती. 2 एप्रिलचा भारत बंद त्याविरुद्धच होता. त्यानंतर संसदेने कलम 18अ आणलं आणि 10 फेब्रुवारी 2020 ला ते टिकलं. तरी पहिल्या नजरेत गुन्हाच दिसत नसेल तर अपवाद, एवढी फट त्या निकालातही राहिली.

ही फट किती ताणली जाते, ते परंडा प्रकरणात दिसतं. 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा इथल्या मातंग फिर्यादीने तक्रार दिली की आपण सांगितल्याप्रमाणे मतदान केलं नाही, म्हणून घराबाहेर जातीवरून शिवीगाळ झाली, लोखंडी रॉडने मारहाण झाली आणि घरातल्या बायकांवरही हात टाकला गेला. सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मात्र मुख्य आरोपीला तो दिला. प्रकरण राजकीय दिसतं, जबाबांत विसंगती आहे, हे त्यामागचं म्हणणं. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जबाबांतली विसंगती तपासणं हे खटल्याचं काम आहे, जामिनाच्या टप्प्यावर छोटा खटला चालवता येत नाही, फक्त फिर्याद वाचायची, असं न्यायालयाने बजावलं. फिर्यादीत जात होती, शिवी होती आणि जागा होती.

जागेचा मुद्दा मी मुद्दाम ओढतोय. जातीवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर व्हावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. परंड्यात घटना घराबाहेरची होती, आणि तेवढ्याने फरक पडला. आपल्याकडे ठाण्यात रात्री अकराला रागाने थरथरत दिलेल्या फिर्यादीत "मला जातीवरून शिवीगाळ केली" एवढंच लिहिलं जातं. कुठे उभं राहून, कोणासमोर, कोणते शब्द वापरून, आणि आरोपीला आपली जात माहीत होती का, हे लिहून घेतलं जात नाही. सहा महिन्यांनी आरोपीचा वकील त्याच गाळलेल्या जागेवर बोट ठेवतो. घडलंच नाही ते लिहा असं मी म्हणत नाही, तसं करणं म्हणजे स्वतःच्याच केसचा घात. घडलं ते पूर्ण लिहा आणि सही करण्याआधी ठाणे अंमलदाराकडून वाचून घ्या.

आणि दुसरी गोष्ट. कलम 15अ प्रमाणे जामिनाच्या प्रत्येक सुनावणीची वेळेवर नोटीस पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. 2021 मध्ये नोटीस न देता दिलेला साधा जामीन सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून रद्द केला होता. तेव्हा पुढच्या वेळी कात्रण आलं की ग्रुपवर शोक करण्याआधी फिर्यादीला फोन करा आणि विचारा: हा आदेश अंतरिम आहे की कायम? कोणत्या न्यायालयाचा? तुम्हाला नोटीस आली होती का? अंतरिम असेल तर पुढची तारीख हातात असते, आणि त्या तारखेला वकिलासह हजर राहता येतं. विशेष न्यायालयाचा असेल तर कलम 14अ खाली उच्च न्यायालयात अपील करता येतं, त्याला मुदत 90 दिवसांची. आदेशाची प्रत मात्र त्याच आठवड्यात काढायला टाका.