गुण वाढले, इतिहास हरवला : भिवंडीच्या तीन वाक्यांची साक्ष

1/
इतिहासलेखन सोपे करण्याची निकड खरी आहे. जड वाक्यांमुळे तरुण वाचक पहिल्याच परिच्छेदात पुस्तक मिटतो. परंतु ‘वाचनीयतेचा गुणांक वाढला, म्हणजे मजकूर सोपा झाला’ हा समज घातक आहे. भिवंडीच्या इतिहासातील एकाच प्रसंगावर तो तपासून पाहता येतो.

2/
रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 मध्ये इंग्रजीसाठी मांडलेले सूत्र असे :

```
206.835 − 1.015 × (शब्द ÷ वाक्ये) − 84.6 × (उच्चारी अक्षरे ÷ शब्द)
```

गुण सामान्यतः 0 ते 100 या पट्टीवर वाचतात. जितके अधिक, तितका मजकूर सोपा. सूत्र केवळ दोन गोष्टी पाहते : वाक्य किती लांब आणि शब्द किती लांब. अर्थाशी त्याचा संबंध नाही.

3/
आता मूळ वाक्य :

“शहाजहान आजारी पडल्याने औरंगजेबाचे लक्ष दिल्लीच्या गादीकडे वळले होते, म्हणून शिवाजी महाराजांना कल्याण व भिवंडी ही ठाणी घेता आली.”

प्रसंग ऑक्टोबर 1657 चा. शब्द 19, वाक्य एक. उच्चाराप्रमाणे अक्षरे मोजली तर गुण येतात सुमारे उणे 40.

4/
गुणांच्या मागे लागलेला लेखक त्याचे असे तुकडे करतो :

“शहाजहान आजारी पडला. औरंगजेबाचे लक्ष दिल्लीच्या गादीकडे वळले. शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली.”

गुण उणे 31. कागदावर आठ-नऊ गुणांची प्रगती. प्रत्यक्षात मात्र ‘म्हणून’ गेला, आणि त्याच्याबरोबर इतिहासही गेला. उरल्या त्या तीन सुट्या बातम्या. ‘हे 1657 मध्येच का घडले?’ या प्रश्नाचे उत्तर आता मजकुरात कोठेही नाही.

5/
कोणाला हा आक्षेप सूक्ष्म वाटेल, तर त्याने ती तीन वाक्ये उलट्या क्रमाने लिहावीत : आधी भिवंडी घेतली, मग औरंगजेबाचे लक्ष वळले, शेवटी शहाजहान आजारी पडला. कालक्रम पार उलटला, तरी गुण तेच, उणे 31. शब्द तेच आणि वाक्येही तितकीच, त्यामुळे सूत्राला फरक दिसण्याचे कारणच नाही. ज्या मापाला कारण आणि परिणाम यांची अदलाबदल कळत नाही, त्याच्या हाती इतिहासाचे संपादन सोपवणे हा निव्वळ आळस आहे.

6/
तीन शब्दांचे बाळबोध वाक्यही ज्यात आहे, असा मजकूर शून्याखाली कसा? कारण मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. इंग्रजी जे चार-पाच लहान शब्दांत सांगते, ते मराठी ‘दिल्लीच्या गादीकडे’ अशा दोन शब्दांत सांगते. ‘गादीकडे’ चार अक्षरांचा आहे, पण तो कोणत्या मुलाला अडतो? इंग्रजीच्या मापाने मराठी शब्द निष्कारण अवघड ठरतात.

7/
उलट बाजू अधिक फसवी आहे. ‘ठाणी’ हा शब्द दोनच अक्षरांचा, म्हणून सूत्राच्या लेखी अगदी सोपा. पण भिवंडी ठाणे जिल्ह्यात आहे. आजचा वाचक ‘ठाणे’ म्हटल्यावर शहर तरी समजतो, नाहीतर पोलीस ठाणे. सैन्य ठेवून मुलूख ताब्यात राखण्याची जागा, हा येथील अर्थ त्याच्या मनात येईलच असे नाही. न कळलेल्या शब्दापाशी वाचक निदान थांबतो. चुकीचा कळलेला शब्द वाचून तो निःशंक पुढे जातो.

8/
दुरुस्ती अशी :

“शहाजहान आजारी पडला. औरंगजेबाचे लक्ष दिल्लीच्या गादीकडे वळले, म्हणून शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही लष्करी ठाणी घेतली.”

वाक्य एकदाच तोडले, कारण जोडून ठेवले, आणि ‘लष्करी’ या विशेषणाने गैरसमजाची वाट बंद केली. याचे गुण? सुमारे उणे 33. तुकड्यांच्या मजकुरापेक्षा कमी! वाचकाला ज्या दोन शब्दांनी खरी मदत केली, त्यांचीच सूत्राने वजाबाकी केली.

9/
मोडी कागदपत्रांच्या बाबतीत तर मोजणीचा पायाच डळमळतो. तेथे शब्द सलग लिहिलेले असतात, आजच्यासारखी विरामचिन्हे नसतात. लिप्यंतर करणारा पूर्णविराम जेथे देईल तेथे वाक्य संपते. म्हणजे गुण मूळ पत्राला मिळत नाहीत, संपादकाच्या विरामचिन्हांना मिळतात.

10/
मग सूत्र टाकून द्यावे काय? नाही. चाळीस शब्दांचे वाक्य कोठे दडले आहे, हे दाखवण्यापुरते ते उपयोगी आहे. मात्र ते वाक्य कोठे तोडावे, हे त्याला विचारू नये. त्यासाठी विषय न जाणणाऱ्या वाचकाला मजकूर द्यावा आणि दोनच प्रश्न विचारावेत : भिवंडी तेव्हाच का घेता आली? येथे ठाणी म्हणजे काय? पहिल्याचे उत्तर अडले तर तुटलेला दुवा परत जोडावा. दुसऱ्याचे चुकले तर शब्द उलगडावा. दोन्ही उत्तरे बरोबर आली, तर मजकूर सोपा झाला आहे, मग गुण उणे 33 का असेनात.