धूर हप्त्यानं येतो

गेल्या हिवाळ्यात इथे मिनेसोटात एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. पारा उणे पंचवीसवर होता आणि गप्पा गावाकडच्या गाड्यांवर आल्या. मी इंजिनातल्या ज्वलनावर संशोधन करतो हे कळल्यावर एक काका म्हणाले, "अरे, आपल्याकडे डिझेलमध्ये रॉकेल घालतात म्हणून एवढी ओरड. इथे तर थंडीत पंपवालाच उघडपणे घालतो! मग बिघडतं काय?"

हाच प्रश्न मला चार वेगवेगळ्या मंडळींनी विचारला आहे. त्यातला अर्धा भाग खरा असल्यामुळेच तो घातक ठरतो. म्हणून आधी तो खरा भाग मान्य करू.

डिझेलमध्ये मेण असतं. कडाक्याच्या थंडीत ते गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इथल्या कंपन्या हिवाळ्यात हलकं, रॉकेलच्याच जातीचं 'नंबर एक' डिझेल मिसळतात. पण रस्त्यावरच्या गाड्यांसाठीच्या या इंधनात गंधक जास्तीत जास्त 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पंधरा भाग असतं. शिवाय वंगणाची उणीव भरून काढणारं रसायन घातलेलं असतं. तयार मिश्रण मानकात बसावंच लागतं आणि विकत घेणाऱ्याला आपण काय भरतोय ते ठाऊक असतं.

आता आपल्याकडचं रेशनचं रॉकेल पाहा. ते स्टोव्ह आणि कंदिलासाठी बनवलेलं. भारतीय मानकात त्यातल्या गंधकाची कमाल मर्यादा 0.25 टक्के, म्हणजे 2,500 पीपीएम. उलट 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलची मर्यादा आहे फक्त 10 पीपीएम. समजा, रॉकेल बऱ्यापैकी चांगलं निघालं आणि त्यात 1,000 पीपीएमच गंधक आहे. ते दहा टक्के मिसळलं की टाकीतलं गंधक 109 पीपीएमवर जातं, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ अकरापट. काका, तुम्ही म्हणता ते मिसळणं आणि हे मिसळणं यांत नावापलीकडे साम्य नाही.

"पण रॉकेल घातल्यावर लगेच धूर कुठे दिसतो?" हा पुढचा प्रश्न. नाही दिसत, हेही खरं. रॉकेल हलकं असतं, चटकन वाफ होतं. धडधाकट इंजिनात थोडं मिसळलं तर त्या दिवशी धूर कदाचित कमीच दिसेल. भेसळ करणारा याच पहिल्या दिवसावर जगतो. धूर हप्त्यानं येतो.

पहिला हप्ता पंपाचा. डिझेल इंजिनात इंधन प्रचंड दाबानं फवारणारे पंप आणि इंजेक्टर यांना वेगळं वंगण नसतं. डिझेल हेच त्यांचं वंगण. 40 अंशांना डिझेलची स्निग्धता 2 ते 4.5 सेंटिस्टोक असावी लागते, रॉकेलची दीडच्या आसपास किंवा त्याहून कमी. पातळ इंधनाचा थर धातूला धातूपासून दूर ठेवू शकत नाही. प्लंजर झिजतो, इंजेक्टरची सुई झिजते, तोंडाशी गळती सुरू होते. बारीक धुक्यासारखा फवारा पडायचा तिथे जाड थेंब पडू लागतात. थेंबाच्या गाभ्याला हवा मिळत नाही, तो अर्धवट जळतो आणि त्याची काजळी होते. हा काळा धूर, आणि तो येतो काही महिन्यांनी.

दुसरा हप्ता ड्रायव्हर स्वतःच्या हातानं भरतो. रॉकेल वजनाला हलकं, त्यामुळे एका लिटरमध्ये ऊर्जा थोडी कमी. गाडी घाटात ओढत नाही. मग जुन्या गाडीत मेकॅनिक पंपाची सेटिंग वाढवून देतो, हवा तेवढीच राहते आणि धूर आणखी वाढतो.

तिसरा हप्ता नव्या गाड्यांचा. बीएस-6 ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आणि वायू शुद्ध करणारे उत्प्रेरक असतात. गंधक उत्प्रेरकावर बसून त्याचं काम मंदावतं, आणि त्यापासून बनलेले सल्फेटचे कण उत्सर्जनात भर घालतात. शुद्ध डिझेल गृहीत धरून बांधलेली ही महागडी यंत्रणा अशुद्ध डिझेलपुढे हतबल होते. मालक कंपनीला शिव्या देतो, कंपनी देखभालीला दोष देते, आणि ज्यानं मिसळलं तो या भांडणात कुठेच नसतो.

मग पकडायचं कसं? फ्लॅश पॉइंट मोजून फारसं कळत नाही, कारण भारतीय मानकात डिझेल आणि रॉकेल दोन्हींची किमान मर्यादा एकच आहे, 35 अंश. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात, पण तो काढून टाकणारे निघाले. उरते घनता. समजा, डेपोतून निघालेल्या डिझेलची घनता 835 आहे आणि वाटेत 795 घनतेचं रॉकेल पंधरा टक्के मिसळलं. मिश्रण होतं 829. बीएस-4 च्या 820 ते 845 या पट्ट्यात ते आरामात बसतं! पण पंपावरच्या तपासणीचा नियम वेगळा आहे: चलनावरच्या घनतेशी तुलना करायची, आणि फरक तीनपेक्षा जास्त नको. इथे तो सहा आहे. चोर सापडला. हेच मिश्रण सात टक्क्यांचं असेल तर फरक तीनच्या आत राहतो आणि हायड्रोमीटर गप्प बसतो. शिवाय मोजलेली घनता 15 अंशांवर आणावी लागते. 35 अंशांच्या दुपारी काचेत आकडा चौदाएकनं कमी दिसतो. तक्ता न वापरता कुणी "बरोबर आहे" म्हणालं तर त्याला अर्थ नाही.

आता पैसा. 2011 च्या सुमारास डिझेल रेशनच्या रॉकेलच्या जवळजवळ तिप्पट महाग होतं. लिटरमागे पंचवीस रुपयांचा फरक धरला तर बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये पंधरा टक्के मिसळून एका खेपेत 45,000 रुपये सुटतात. त्याच वर्षी 25 जानेवारीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला भेसळीच्या संशयावरून थांबले, आणि त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळलं गेलं. ज्याला आपण इथे जेवताना 'थोडंसं मिसळणं' म्हणतो, त्याचा हा हिशोब आहे.

त्यानंतर रॉकेलवरचं अनुदान संपत गेलं आणि या धंद्यातली निळी कमाई आटली. पण जिथे दोन इंधनांच्या भावात मोठी फट असते, तिथे कुणीतरी पिंप घेऊन उभा राहतोच. उद्या पिंपात रॉकेलऐवजी दुसरं काही असेल.

म्हणून पुढच्या सुट्टीत भाड्याची गाडी पंपावर थांबली की खाली उतरा. घनतेचं रजिस्टर मागा, हायड्रोमीटर आणि तक्ता मागा. ग्राहकाला तो हक्क आहे. ड्रायव्हर कंटाळेल, पंपवाला कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या. इथल्या पंपावर लावलेली चिठ्ठी आपण मुकाट्यानं वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. तिकडे मात्र "चालायचंच" म्हणतो. काका, भेसळीची सुरुवात त्या शब्दातच होते.