कारण आधी, नाव नंतर



नोकरकपातीच्या बातम्यांत किती माणसे गेली हे छापून येते. नेमकी तीच का गेली, हे क्वचितच. कार्मिक विभागात नोकरी केल्यामुळे मला दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते.

कामगारांपुरता कायदा स्पष्ट आहे. 1953 पासून औद्योगिक विवाद कायद्यात असलेले तत्त्व नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ठेवले: एका प्रवर्गात जो शेवटी आला, तो सहसा आधी जाईल. हा क्रम मालकाला मोडता येतो, पण कारण लेखी नोंदवून. 'स्वदेशमित्रन' या तमिळ वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच सांगितले, की गुणवत्तेच्या नावाखाली ज्येष्ठाला डावलायचे तर विश्वासार्ह पुरावा हवा, शक्यतो त्याच्या सेवेच्या जुन्या नोंदींतला.

समजा, मशीनशॉपमध्ये दहा सीएनसी ऑपरेटर आहेत आणि तिघांना कमी करायचे आहे. ज्येष्ठता यादीतले खालचे तिघे जायला हवेत. पण सर्वांत नवा मुलगा एकटाच पाच अक्षांचे मशीन चालवतो, म्हणून त्याला ठेवायचे. हे कारण रास्त आहे. प्रशिक्षणाची नोंद आणि त्या मशीनवरची पाळीपत्रके दाखवली की झाले. मग त्याच्या जागी खालून चौथा जायला हवा. प्रत्यक्षात जातो सहावा, कारण ओव्हरटाइमच्या हिशेबावरून तो शॉप मॅनेजरशी भांडलेला असतो. फाइलवर शेरा येतो: 'कामगिरी असमाधानकारक'. त्याच मॅनेजरने मार्चमध्ये त्याच माणसाच्या वेतनवाढीची शिफारस केलेली असते!

अशा वेळी शेऱ्याखालची तारीख पाहावी. कपात ठरल्यानंतर लिहिलेले मूल्यमापन निवडीचा आधार कसे ठरेल? दुसरी युक्ती याहून सफाईदार: नकोशा माणसाची दोन-तीन महिने आधी बंद होणाऱ्या विभागात बदली करायची. कागदोपत्री मग सगळे नियमाने.

ज्येष्ठतेमुळे कामचुकार वाचतात, हा मालकांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. म्हणून कौशल्य, हजेरी, शिस्तभंगाची नोंद हे निकष जरूर लावावेत; पण नावे पाहण्याआधी ते ठरवून, गुणांसह लिहून, प्रवर्गातल्या सर्वांना सारखे लावावेत. गुण एकट्या साहेबाने देऊ नयेत. व्यवस्थापक श्रेणीला हे कायदेशीर संरक्षण नाही. तिथे तर हा कागद कंपनीने स्वतःहून करायला हवा.

जुन्या मुंबई नियमांनुसार कपातीच्या किमान सात दिवस आधी ज्येष्ठता यादी सूचना फलकावर लावावी लागे. कामगार आयुक्तालयाने कपातीच्या सूचनेबरोबरच ही यादी आणि क्रम मोडल्याची कारणे मागवावीत, आणि ती संबंधित कामगाराला नोटिशीसोबतच द्यायला लावावीत.

— एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड