व्हॉट्सॲपवर 'स्टार' केलेला मेसेज फोन बदलल्यावर टिकतो का?

घरभाड्याच्या कराराची पीडीएफ, डॉक्टरांनी पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन, आजीचा व्हॉइस मेसेज. असं काही महत्त्वाचं आलं की आपण मेसेज दाबून धरतो, वरच्या चांदणीवर टॅप करतो आणि निर्धास्त होतो. पण ही चांदणी नेमकं काय करते?

स्टार म्हणजे कॉपी नव्हे, खूण

पुस्तकात महत्त्वाच्या पानाचा कोपरा दुमडतो, तसंच हे आहे. पान वेगळं काढून कपाटात ठेवलं जात नाही. तुमच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपच्या डेटाबेसमध्ये त्या मेसेजपुढे फक्त एक खूण होते आणि 'Starred messages' ही यादी त्या खुणांवरून तयार होते. त्यामुळे पुस्तकच हरवलं, तर दुमडलेलं पानही जातं.

पाठवणाऱ्याने 'Delete for everyone' केलं, तर तुम्ही स्टार केलेला मेसेजही जातो. डिसअपिअरिंग मेसेजचंही तसंच. स्टार केल्याने तो थांबत नाही. तो ठेवायचा असेल तर 'Keep' हा वेगळा पर्याय वापरावा लागतो आणि पाठवणारा तो रद्द करू शकतो.

बॅकअपमध्ये काय जातं?

बॅकअप म्हणजे त्या क्षणी डेटाबेस जसा आहे, त्याची प्रत. त्यामुळे मेसेजसोबत त्याची खूणही जाते आणि रिस्टोअर केल्यावर परत येते. मात्र बॅकअपनंतर जे घडलं, ते त्यात नसतं. एक उदाहरण घेऊ.

समजा, तुमचा बॅकअप आठवड्यातून एकदा होतो आणि शेवटचा रविवारी पहाटे झाला. बुधवारी फोन पाण्यात पडून बंद पडला. नवीन फोनवर तोच नंबर, तेच गूगल अकाउंट टाकून तुम्ही रिस्टोअर केलं. आता काय दिसेल?

शनिवारी स्टार केलेलं प्रिस्क्रिप्शन खुणेसह परत येईल. मार्चमधला एक जुना मेसेज तुम्ही मंगळवारी स्टार केला होता. तो मेसेज येईल, पण चांदणीशिवाय. यादीत तो सापडणार नाही, चॅटमध्ये शोधावा लागेल. मंगळवारीच आलेली कराराची पीडीएफ मात्र स्टारसकट गेली. ती पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवणं हाच उपाय.

चौथा प्रकार फसवा आहे. महिन्यापूर्वी स्टार केलेला व्हिडिओ यादीत दिसेल, पण उघडणार नाही. कारण बॅकअपमध्ये व्हिडिओ घेण्याचा 'Include videos' हा पर्याय वेगळा असतो. तो बंद असेल तर मेसेज आणि खूण येते, व्हिडिओ येत नाही. जागा कमी पडते म्हणून गॅलरीतून फोटो उडवले असतील, तरी हेच होतं. खूण राहते, फाइल नसते.

चुका कुठे होतात?

सगळ्यात मोठी चूक नवीन फोनवर होते. रिस्टोअर करायचं का, असं विचारल्यावर घाईत 'Skip' दाबलं जातं. मग रिकाम्या ॲपचा नवा बॅकअप होतो आणि त्याच गूगल अकाउंटवरचा जुना बॅकअप पुसला जातो.

दुसरी अडचण अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना येते. गूगलवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही. त्यासाठी 'Move to iOS' ॲप वापरून चॅट्स थेट हलवाव्या लागतात आणि त्यासाठी जुना फोन चालू असावा लागतो.

तिसरी अडचण पासवर्डची. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करताना पासवर्ड किंवा 64 अंकी की निवडली असेल आणि ती हरवली, तर व्हॉट्सॲपही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

मग काय करायचं?

Settings > Chats > Chat backup इथे जा. शेवटचा बॅकअप कधी झाला, हे तिथे दिसतं. ती तारीख जुनी असेल, तर त्यानंतर केलेला एकही स्टार सुरक्षित नाही. अनेकदा कारण साधं असतं. अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगलच्या 15 जीबी मोफत जागेत मोजला जातो आणि ती भरली की बॅकअप थांबतो. जागा मोकळी करा, वारंवारता 'Daily' ठेवा आणि फोन बदलण्याआधी स्वतः एकदा 'Back up' दाबा.

आणि जी फाइल गेली तर खरंच अडचण होईल, ती स्टार करून थांबू नका. करार, प्रिस्क्रिप्शन, पावती उघडून ड्राइव्हमध्ये सेव्ह करा किंवा स्वतःला ईमेल करा. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, कारण ती चॅटही त्याच बॅकअपवर अवलंबून असते. स्टार मेसेज पटकन शोधून देतो. सांभाळण्याचं काम त्याचं नाही.