फोटो बदलला असेल तर तसं लिहा



आज पिकाबद्दल कमी आणि पिकाच्या फोटोबद्दल जास्त लिहितोय. चूक माझीच आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करतो.

मागच्या खरिपात सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकची नोंद मी इथं टाकली होती. रोग माझ्याच शेतात होता. पण त्या दिवशी झिमझिम पाऊस होता, हात ओले होते आणि पानाचा फोटो हलला. मग मोबाईलमध्ये आधीपासून पडलेला एका पिवळ्या पानाचा झकास फोटो मी लावून दिला. कुठल्यातरी ग्रुपवरून आलेला होता. मला वाटलं, पिवळं पान ते पिवळं पान, काय फरक पडतो?

फरक पडला. मोझॅकमध्ये पानावर पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे पट्टे-ठिपके मिसळलेले दिसतात. शिरांचा हिशोब त्यात राहत नाही. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि झाड एकदा धरलं की त्यावर औषध नाही. म्हणून सुरुवातीलाच रोगट झाडं उपटायची आणि माशी आवरायची. मी लावलेल्या फोटोत मात्र शिरा हिरव्यागार होत्या आणि शिरांच्या मधला भागच पिवळा होता. ते लोहाच्या कमतरतेचं पान होतं. चुनखडीच्या जमिनीत किंवा पाणी साचलं की शेंड्याची कोवळी पानं अशी होतात. त्यावर हिराकसची फवारणी करतात, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम. बरीचशी झाडं त्यानं पुन्हा हिरवी होतात.

म्हणजे लिहिलेलं एका रोगाचं आणि फोटो दुसऱ्याच दुखण्याचा.

घाटाखालच्या एका भावानं फोटो पाहिला, आपल्या वावरातलं पान त्याच्याशेजारी धरलं, हुबेहूब जुळलं. त्यानं माझ्या नोंदीप्रमाणे झाडं उपटायला घेतली. तीन-चार तासं उपटून झाल्यावर त्याचा फोन आला, "भाऊ, सगळीच झाडं अशी दिसून राहिली, सगळं वावर उपटू काय?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जी झाडं एका फवारणीत सुधरली असती, ती बांधावर पडलेली होती.

आता दुसरी चूक ऐका, ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. खाली एका जुन्या वाचकानं आधीच लिहिलं होतं, "शिरा हिरव्या आहेत, हा मोझॅक नाही." मी काय केलं? गुपचूप फोटो काढला आणि मोझॅकच्या पानाचा बरोबर फोटो लावला. कुठं एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नवीन वाचक आले, त्यांनी नवीन फोटो पाहिला आणि त्या माणसालाच सुनावलं, "काका, चष्मा बदला, हा मोझॅकच आहे." ज्यानं बरोबर सांगितलं तो खोटा ठरला आणि चुकलेला मी शहाणा ठरलो. शिवाय ज्यांनी आधीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून घेतला होता, त्यांच्याकडं तो चुकीचाच राहिला. फोटो बदललाय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: "फोटो बदलला आहे. आधीचा फोटो माझ्या शेतातला नव्हता आणि तो लोहाच्या कमतरतेचा होता. खालच्या प्रतिक्रिया आधीच्या फोटोवर आहेत." त्या काकांची जाहीर माफी मागितली.

हे फक्त आपल्यासारख्यांकडून होतं असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईला महापूर आला. पंतप्रधानांनी हवाई पाहणी केली आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं खिडकीतून बघतानाचा फोटो प्रसिद्ध केला. त्या खिडकीतलं दृश्य दुसऱ्या फोटोतून आणून बसवलेलं होतं. लोकांनी ते लगेच ओळखलं. फोटो काढून टाकावा लागला आणि दोन फोटो जोडले होते, तो निर्णय चुकला, असा खुलासा करावा लागला. आता बघा, पाहणी खरी होती, पूरही खरा होता. पण चर्चा पुराची न होता फोटोची झाली. "दोन फोटो जोडले आहेत" एवढं आधीच लिहिलं असतं तर खुलाशाची वेळच आली नसती.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मोबाईलवर फोटोच फोटो आले, कुठं फिकट गुलाबी, कुठं गडद. यातला खरा रंग कोणता आणि कोणी चढवलेला कोणता, हे घरबसल्या सांगता येत नव्हतं. नासानं मात्र उपग्रहातून घेतलेली दोन चित्रं शेजारी-शेजारी दिली, एक २५ मेचं आणि एक १० जूनचं, तारखेसकट. बदल खरा आहे हे त्या दोन तारखांमुळं कोणालाही कळत होतं. पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं हा रंग आल्याचं सांगितलं. लोणारला प्रश्नच रंगाचा होता. पानाचंही तसंच आहे. पानाचा रंग हीच त्यातली माहिती असते, म्हणून फोटो नुसता "उजळ" केला तरी रोगाची ओळख बदलू शकते.

तेव्हापासून मी असं करतो. फोटो माझ्या शेतातला नसेल तर "फोटो दुसरीकडचा". रंग किंवा उजेड बदलला असेल तर "रंग बदलला". मजुरांचे चेहरे झाकले किंवा मागचं काही काढून टाकलं तर तेही लिहितो. टाकलेला फोटो नंतर बदलला तर तारीख आणि कारण. आणि हे शब्द फोटोच्या खाली नाही तर फोटोवरच लिहितो, कारण फोटो पुढं जातो तेव्हा खालचा मजकूर मागंच राहतो. कोणी कडा कापून तेही काढू शकतो, म्हणून मधल्या भागाच्या जवळ लिहितो, फक्त रोगाची खूण झाकू देत नाही.

एक मित्र म्हणाला, "असं सारखं लिहीत राहिला तर लोक म्हणतील याचे सगळेच फोटो बनावट." माझं म्हणणं उलट आहे. जिथं बदल केला तिथं मी सांगतो, म्हणून जिथं काही लिहिलेलं नाही तो फोटो जसाच्या तसा आहे, असं वाचक धरून चालू शकतो. उद्या गारपिटीत माझं पीक झोपलं आणि मी फोटो टाकला, तर तो मागच्या वर्षीचा किंवा दुसऱ्या गावचा नाही, हे लोकांनी माझ्या शब्दावर मानायला हवं. गरज पडेल त्या दिवशी हा भरवसा उसना मिळत नाही.

अर्थात लिहिलं म्हणजे सगळं माफ असंही नाही. लोहाच्या पानावर "फोटो दुसरीकडचा" असं मी लिहिलं असतं, तरी ते पान मोझॅकचं झालं नसतं. पण त्या भावानं उपटायच्या आधी एकदा फोन नक्की केला असता.

तुम्हाला माझ्या कुठल्या जुन्या फोटोबद्दल शंका असेल तर खाली विचारा. बदललेला असेल तर तसं सांगीन. आणि सोयाबीन पिवळी दिसली तर फोटोवर जाऊ नका, पान हातात घेऊन आधी शिरा बघा.