अमायलेज-लायपेज वाढले म्हणजे दारूच प्याली असे नव्हे

वस्तीत कुणाच्या पोटात वरच्या बाजूला जोरात दुखू लागले की पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. मग ओवा, सोडा, मेडिकलमधली गोळी, आणि तेवढ्यावर भागले नाही तर जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन. बहुतेक वेळा भागतेही. पण काही वेळा ते दुखणे स्वादुपिंडाच्या सुजेचे असते, आणि तेव्हा गेलेली रात्र महागात पडते. या महिन्यात आम्ही त्याच दुखण्याबद्दल आणि त्यात होणाऱ्या अमायलेज व लायपेज या दोन रक्ततपासण्यांबद्दल लिहीत आहोत. या तपासण्यांचा आकडा आला की रुग्णाच्या कपाळावर जो शिक्का बसतो, त्याबद्दल आमचे काही म्हणणे आहे.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवी असलेली ग्रंथी. ती अन्न पचवणारे रस तयार करते. त्यातला अमायलेज हा भात-भाकरीतले पिष्ट पचवतो आणि लायपेज चरबी पचवतो. हे रस आतड्यात जाऊन कामाला लागायचे असतात. काही कारणाने ते ग्रंथीतच जागे झाले तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. ती सुजते, रस रक्तात झिरपतात आणि रक्तातले आकडे वाढतात. म्हणून दुखणे बेंबीच्या वर असते, आरपार पाठीत जाते, तासन्‌तास हटत नाही, आणि रुग्ण पुढे वाकून बसला तर जरासा आराम पडतो. उलट्या होतात, पण उलटी होऊनही बरे वाटत नाही. गॅसचे दुखणे असे नसते. ते येते-जाते, जागा बदलते.

आता एक उदाहरण घेऊ. आम्ही वर्षानुवर्षे जे रुग्ण पाहिले त्यांतूनच हे चित्र उभे केले आहे. ते कुणा एकीचे नाही. समजा मनोरीतली 44 वर्षांची एक बाई आहे. रोज सकाळी फेरीने खाडी ओलांडून मार्वेला उतरते, मालाडला चार घरची कामे करते. रात्री जेवणानंतर तिच्या पोटात कळ उठली. गेल्या वर्षभरात दोन-तीनदा उजव्या बरगडीखाली असेच दुखले होते, तासाभरात थांबले होते. या वेळी थांबले नाही. शेवटची फेरी निघून गेली की मनोरीहून उत्तन-भाईंदरवरून लांबचा रस्ता उरतो. म्हणून घरच्यांनी सकाळपर्यंत वाट पाहिली आणि पहिल्या फेरीने मार्वे गाठून तिला महापालिकेच्या रुग्णालयात नेले.

कॅज्युअल्टीत आधी ईसीजी काढला. हे बरोबरच होते. हृदयाच्या खालच्या बाजूचा झटकाही वरच्या पोटात दुखून येतो, आणि तो चुकला तर पुढचे काहीच उपयोगाचे नाही. ईसीजी ठीक निघाला. मग रक्त गेले. अमायलेज आले 1240, लायपेज 2100. रिपोर्टवर शेजारी लिहिलेली वरची मर्यादा अमायलेजसाठी 100 आणि लायपेजसाठी 60 होती. म्हणजे अमायलेज बारापट, लायपेज पस्तीसपट.

इथे पहिली गोष्ट समजून घ्या. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, तो त्याच रिपोर्टवरच्या मर्यादेशी ताडून पाहायचा. लायपेजची मर्यादा एका लॅबमध्ये 60 असते, दुसऱ्या पद्धतीच्या लॅबमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त असेल, आणि दुखणे वर सांगितले तसे असेल, तर स्वादुपिंडाची सूज आहे असे डॉक्टर धरतात. या दोन गोष्टी जुळल्या तर निदानासाठी पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनची गरज पडत नाही. एक जुळते आणि एक जुळत नाही, किंवा दुसरेच काही असल्याचा संशय आहे, तेव्हा स्कॅन लागतो. थोडेसे वाढलेले आकडे मूत्रपिंडाच्या आजारात, आतड्याला छिद्र पडल्यावर किंवा गालगुंडातही दिसतात. म्हणून दुखण्याशिवायचा आकडा फार काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन्ही रस दुखणे सुरू झाल्यावर काही तासांत वाढतात, पण अमायलेज साधारण तीन ते पाच दिवसांत उतरून जाते, लायपेज आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकते. चार दिवस अंगावर काढून आलेल्या रुग्णाचे अमायलेज चांगले येऊ शकते, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल, घरी जा’ असे होऊ शकते. एकच तपासणी करायची असेल तर लायपेज करावे, असे म्हणतात ते यासाठी.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त गैरसमजाची. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असे नाही. लायपेज पस्तीसपट असलेली आपली ही बाई पाच दिवसांत जेवू-खाऊ लागेल आणि घरी जाईल. शेजारच्या खाटेवरचा, लायपेज अवघे चारपट असलेला माणूस अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. म्हणून रोज सकाळी ‘आज किती आले?’ म्हणून तपासणीमागे धावू नका, बाहेरच्या लॅबमध्ये पुन्हा पुन्हा पैसे घालवू नका. निदान झाल्यावर या आकड्यांचे काम संपते. पाहायचे ते दुसरेच. श्वास लागतोय का, नाडी धावतेय का, रुग्ण गुंगीत जातोय का, आणि लघवी किती होते. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली लघवी व्हायला हवी. चार तासांत अर्धा कपही भरला नाही तर सिस्टरला लगेच सांगा. हे काम रुग्णाजवळ बसलेला नातेवाईक करू शकतो, त्याला डिप्लोमा लागत नाही.

उपचारात पहिल्या दिवशी शिरेतून मोजून सलाईन आणि दुखणे थांबवणारे औषध, हेच मुख्य. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. उलटी थांबली आणि भूक लागली की सौजन्याने विचारा, ‘थोडे खायला देऊ का?’ सौम्य आजारात चार-पाच दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे.

आता शिक्क्याबद्दल. आपल्या बाईच्या केसपेपरवर पहिल्याच तासात प्रश्न आला, ‘दारू पिते का?’ तिने नाही सांगितले. पुन्हा विचारले, या वेळी वस्तीचे नाव ऐकून, आवाज चढवून. स्वादुपिंडाच्या सुजेची दोन मोठी कारणे आहेत, पित्ताशयातले खडे आणि दारू. बायकांमध्ये खड्यांचे कारण जास्त आढळते. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढणे हे आणखी एक कारण. मग वस्तीतला रुग्ण आला की खडे शोधण्याआधी बाटली का शोधली जाते? दारूबद्दल विचारणे हा डॉक्टरांचा हक्क आहे, कर्तव्य आहे. पण उत्तर मिळाल्यावर सोनोग्राफी करणे हेही तितकेच कर्तव्य आहे. पोटातल्या वायूमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसत नाही, पण पित्ताशयातले खडे बहुधा दिसतात. दारू पिणाऱ्यालाही खडे असू शकतात, म्हणून ही तपासणी प्रत्येकाची व्हायला हवी. आपल्या बाईच्या पित्ताशयात बारीक खडे निघाले. वर्षभर ज्याला ॲसिडिटी म्हटले ते हेच होते. हे मुतखडे नव्हेत, त्यावर पाथरीचा काढा चालत नाही.

खडे निघाले की खरा प्रश्न उरतो, पित्ताशय कधी काढायचे? ‘आता बरे वाटतेय, दीड-दोन महिन्यांनी या’ असे सांगून घरी पाठवले जाते. त्या दिवसांत दुसरा खडा सरकला तर तेच दुखणे पुन्हा, कदाचित पहिल्यापेक्षा भारी. नेदरलँड्समध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सौम्य आजाराच्या रुग्णांची तुलना झाली. त्याच दाखल्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शंभरात 5 जणांना खड्यांचा त्रास पुन्हा झाला किंवा मृत्यू आला, महिनाभर थांबवलेल्यांपैकी 17 जणांना. हातावर पोट असलेल्या बाईला ‘नंतर या’ म्हणणे म्हणजे खाडे, फेरी, केसपेपर, रांग सगळे पहिल्यापासून. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सौम्य आजारात त्याच दाखल्यात शस्त्रक्रिया करा, आणि खाट नाही म्हणून जमत नसेल तर डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून द्या. नातेवाइकांनी ती तारीख मागितल्याशिवाय वॉर्ड सोडू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या आधीच विचारावे.

शेवटी आपल्या घरातले बोलू. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शीलही तेच. तरी आपल्या वस्तीत दारू आहे, हे आपण सारे जाणतो. घरात तसबिरीसमोर वंदना होते आणि दवाखान्यात बायको लाजेने सांगते, ‘नाही हो, आमच्याकडे कुणी घेत नाही.’ आम्ही हे फार वेळा ऐकले आहे. ही लाज जिवावर बेतू शकते. रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यावर एकदम बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, तो बडबडू लागतो, नसलेल्या गोष्टी पाहतो, कधी फिट येते. आधी सांगितलेले असेल तर डॉक्टर त्याचे औषध वेळेवर सुरू करतात. लपवले असेल तर वेळ जातो, आणि वॉर्डात ‘वेड लागले’ म्हणून माणसाला खाटेला बांधले जाते. किती घेतो, कधीपासून, शेवटची कधी घेतली, हे तीन शब्दांत सांगून टाका. शील पाळायचे ते घरी येऊन, व्यसन सोडवण्याच्या उपचाराला जाऊन. दारूने झालेली सूज एकदा बरी होऊनही पिणे चालू राहिले तर पुन्हा पुन्हा येते, आणि पुढे ग्रंथी सुकून साखरेचा आजारही मागे लागतो.

म्हणजे आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. रुग्णालयाने वस्ती पाहून कारण ठरवू नये, आणि वस्तीने लाजेपोटी कारण लपवू नये. वरच्या पोटातले, पाठीत जाणारे दुखणे दोन-तीन तासांत थांबले नाही, उलट्या सुरू झाल्या, तर मनोरी-गोराईकरांनी सकाळच्या फेरीची वाट पाहू नये. 108 ला फोन लावावा आणि रस्त्याने निघावे. त्या रात्रीचे भाडे नंतर फेडता येते.